कस्टम्सने मालाची किंमत वाढवली तर: संमतीपत्रावर सही करण्याआधी

न्हावा शेवाला कंटेनर उतरला आहे, बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, भरून झाली आहे आणि दोन दिवसांनी सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटचा, फोन येतो. "साहेब, ग्रुपने किंमत मान्य केलेली नाही. लोडिंग करतायत. एक लेटर पाठवतो, लेटरहेडवर सही-शिक्का करून द्या, उद्या माल सुटेल." ग्रुप म्हणजे मूल्य तपासणारा कस्टम्सचा विभाग, आणि लोडिंग म्हणजे घोषित किंमत वाढवणे. त्या पत्रात बहुधा दोनच वाक्ये असतात. विभागाने ठरवलेले मूल्य आम्हाला मान्य आहे, आणि आम्हाला कारणे दाखवा नोटीस, सुनावणी किंवा सकारण आदेश नको.

छोटा आयातदार हे पत्र देतो, कारण कंटेनरचे भाडे रोज चढत असते. पण किंमतीच्या वादात त्याच्या हातात जे काही असते, ते या एका सहीने जाते. म्हणून हा लेख फक्त एवढ्याच टप्प्याबद्दल आहे: पहिली क्वेरी आल्यापासून ते पत्र देण्या-न देण्यापर्यंत, आणि नंतर अपील व परताव्यापर्यंत. वर्गीकरण आणि परवान्याचे वाद जिथे या वाटेत आडवे येतात, तिथे त्यांच्याबद्दलही सांगेन.

कायदा किंमत कशी ठरवतो

सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 14 प्रमाणे शुल्काचा पाया म्हणजे व्यवहार मूल्य. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात नाते नसेल आणि किंमत हाच सौद्याचा एकमेव मोबदला असेल, तर मालासाठी खरोखर दिलेली किंवा द्यायची किंमत धरायची. तिच्यात बंदरापर्यंतचे भाडे, विमा आणि 2007 च्या मूल्यांकन नियमांतील नियम 10 मधल्या काही गोष्टी मिळवायच्या. बाजारात तसाच माल कितीला मिळतो, हा पहिला प्रश्न नाही.

ही किंमत नाकारायची असेल तर अधिकाऱ्याला नियम 12 मधून जावे लागते. त्याला आधी शंका घेण्याजोगे कारण हवे. मग तो कागदपत्रे मागतो. ती पाहूनही वाजवी शंका उरली, तरच व्यवहार मूल्य बाजूला पडते. त्यानंतरही नवी किंमत मनाने लावता येत नाही. नियम 4 ते 9 क्रमाने तपासायचे: आधी हुबेहूब तसाच माल, मग तत्सम माल, आणि पुढचे मार्ग त्यानंतर.

नियम 12 मध्येच छोट्या व्यापाऱ्याच्या सर्वांत कामाचा पोटनियम आहे, 12(2). आयातदाराने मागणी केली तर अधिकाऱ्याने शंकेची कारणे लेखी कळवायची आणि अंतिम निर्णयाआधी म्हणणे मांडायची वाजवी संधी द्यायची. यातला "मागणी केली तर" हा भाग महत्त्वाचा. मागितले नाही, तर बहुतेक वेळा काहीच येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आयशर ट्रॅक्टर्सच्या प्रकरणात यावर दिलेला निकाल आजही आधार म्हणून वापरला जातो. जपानी उत्पादकाचे 1989 सालचे जुने बेअरिंग यादीतल्या किंमतीवर 77 टक्के सवलतीने घेतले होते. विभागाचे म्हणणे, एवढी सवलत असूच शकत नाही. न्यायालयाने सांगितले की किंमतयादी म्हणजे प्रत्यक्ष सौद्याची किंमत नव्हे, आणि जुना साठा मोठ्या सवलतीने विकणे हा व्यापारातला नेहमीचा प्रकार आहे. 2019 मध्ये सेंच्युरी मेटल रिसायक्लिंगच्या प्रकरणात, जिथे माल ॲल्युमिनियमचे भंगार होता, न्यायालयाने पुन्हा बजावले की शंका कारणांवर आणि पुराव्यावर उभी असली पाहिजे, यांत्रिकपणे किंमत नाकारता येणार नाही.

एक उदाहरण, आकड्यांसह

पुढचे सगळे या एका उदाहरणावर चालवू. आकडे आणि दर समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या मालाचा दर तुमच्या टॅरिफ लाइनवर पाहा.

इचलकरंजीचा एक व्यापारी कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना चेन पुरवतो. त्याने चीनमधून नायलॉन कॉइलची 5 नंबरची लांब चेन मागवली आहे. ती रोलमध्ये येते आणि रनर तिला लावलेले नसतात. माल 10,000 किलो, बंदरापर्यंतच्या भाडे-विम्यासह किंमत किलोला 2 डॉलर. डॉलरचा कस्टम्स दर 85 रुपये धरला तर मूल्य 17,00,000 रुपये. मूळ सीमाशुल्क 10 टक्के, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि आयजीएसटी 18 टक्के धरू. मूळ शुल्क आणि अधिभार मिळून 1,87,000, आयजीएसटी 3,39,660, एकूण 5,26,660 रुपये.

ग्रुप म्हणतो, असा माल किलोला 2.80 डॉलरने आला आहे. आता मूल्य होते 23,80,000. मूळ शुल्क आणि अधिभार 2,61,800, आयजीएसटी 4,75,524, एकूण 7,37,324. म्हणजे फरक 2,10,664 रुपये.

हा आकडा पाहून माणूस हबकतो, पण तो फोडून पाहावा. त्यातले 1,35,864 रुपये आयजीएसटीचे आहेत. व्यापारी जीएसटीत नोंदलेला असेल आणि विकलेल्या मालावर कर भरत असेल, तर हे पैसे क्रेडिट म्हणून परत येतात. पैसा काही काळ अडकतो, बुडत नाही. खरा खर्च 74,800 रुपयांचा. शिपिंग लाइनला कंटेनर अडकल्याबद्दल द्यायचे डिटेन्शन आणि सीएफएसचे, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या यार्डचे, भाडे मिळून दिवसाला 6,000 जात असतील, तर बारा-तेरा दिवसांत ही रक्कम संपते. सीएचए घाई करतो ती याच हिशोबामुळे, आणि एका खेपेपुरता तो हिशोब बरोबरही असतो.

तो चुकतो पुढच्या खेपांबाबत. मान्य केलेले 2.80 डॉलर विभागाच्या नॅशनल इम्पोर्ट डेटाबेसमध्ये जातात, ज्याला सगळे एनआयडीबी म्हणतात. पुढच्या महिन्यात तोच माल 2 डॉलरने आणाल, तेव्हा तुलनेसाठी तुमचीच खेप समोर ठेवली जाईल. आधीच्या खेपा तपासायला काढल्या जाऊ शकतात. कलम 28 खाली साधारण मागणीला दोन वर्षे मागे जाता येते, माहिती दडवल्याचा आरोप असेल तर पाच. वर्षाला सहा कंटेनर आणणाऱ्यासाठी प्रश्न 74,800 चा नसतो, साडेचार लाखांचा असतो.

ऑर्डर देण्याआधीची फाइल

किंमतीचा वाद क्वेरीच्या उत्तरात जिंकला जातो असे वाटते. खरे तर तो इन्व्हॉइस लिहिताना जिंकला किंवा हरला जातो. ब्रँड, ग्रेड, स्पेसिफिकेशन असे किंमतीवर परिणाम करणारे तपशील न देणे, हेच नियम 12 च्या स्पष्टीकरणात शंकेचे एक कारण म्हणून लिहिलेले आहे. इन्व्हॉइसवर नुसते "झिपर, 10,000 किलो" असेल, तर तुमचा माल रनर लावलेल्या, ब्रँडच्या, तयार झिपरशी ताडला जाणार आणि तुमची किंमत कमी दिसणारच.

उदाहरणातल्या व्यापाऱ्याने काय लिहून घ्यावे? नायलॉन कॉइल, 5 नंबर, लांब चेन रोलमध्ये, रनर नाहीत, ब्रँड नाही, रंगवलेली की कोरी, एका किलोत साधारण किती मीटर, आणि एकूण मीटर व एकूण किलो दोन्ही. इथेच वर्गीकरणही येते. तयार झिपर धातूच्या दात्यांची असेल तर 9607 11 मध्ये, इतर 9607 19 मध्ये; पण कॉइल बसवलेली लांब पट्टी हा झिपरचा भाग आहे, ती 9607 20 मध्ये जाते. शुल्काचा दर दोन्हीकडे सारखा निघाला, तरी चुकीच्या शीर्षकाखाली भरलेली बिल ऑफ एन्ट्री तुम्हाला चुकीच्या मालाच्या रांगेत उभी करते आणि तुलना त्या रांगेतल्या किंमतींशी होते. आपण भरलेले शीर्षक विभागाने बदलले, तर नवे शीर्षक बरोबर आहे हे सिद्ध करायचे ओझे विभागावर असते. आपणच चुकीचे भरले तर तो फायदा मिळत नाही.

ज्याला एखाद्या मालाच्या वर्गीकरणाबद्दल खरोखर शंका आहे आणि तो माल वारंवार आणायचा आहे, त्याने मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. फी 10,000 रुपये आहे. वाद बंदरावर सुरू झाल्यावर हा मार्ग कामाचा राहत नाही.

फाइलमध्ये आणखी या गोष्टी ठेवा: भावतोलाचे ईमेल किंवा चॅट तारखांसह, निदान दोन इतर पुरवठादारांचे त्याच काळातले कोटेशन, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, खरेदीचा आदेश, बँकेतून गेलेल्या रकमेचा स्विफ्ट संदेश. किंमत कमी असण्याचे काही कारण असेल, जसे जुने रंग, हंगाम संपतानाचा साठा, रोख आगाऊ पैसे, तर पुरवठादाराकडून ते सौद्याच्या वेळीच लेखी घ्या. क्वेरी आल्यावर मागवलेल्या पत्राला अधिकारी फारशी किंमत देत नाही, आणि मला त्यात त्याचे काही चुकते असे वाटत नाही.

इन्व्हॉइस एफओबी असेल, म्हणजे किंमतीत भाडे-विमा धरलेला नसेल, तर भाड्याची पावती आणि विम्याची पॉलिसी जोडा. भाडे सिद्ध झाले नाही तर एफओबीच्या 20 टक्के आणि विम्यापोटी 1.125 टक्के धरले जातात. समुद्रमार्गे खरे भाडे 4-5 टक्के असलेल्या मालावर हा फुकटचा भुर्दंड आहे, आणि तो निव्वळ एका पावतीअभावी बसतो.

क्वेरी आली

2020 पासून फेसलेस असेसमेंट असल्यामुळे न्हावा शेवाच्या मालाची बिल ऑफ एन्ट्री दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासत असतो. त्याला माल दिसत नाही. त्याला दिसतो फक्त तुम्ही भरलेला मजकूर, कस्टम्सच्या ई-संचित पोर्टलवर चढवलेले कागद आणि डेटाबेसमधले आकडे. म्हणून उत्तर असे लिहावे, की ज्याने चेनचा रोल कधी हातात घेतलेला नाही त्यालाही फरक कळावा. नमुन्याचे फोटो आणि मीटर-किलोचे गणित जोडा.

क्वेरी तीनपैकी एका प्रकारची असते. पहिली, फक्त कागद मागणारी: किंमतयादी द्या, पैसे भरल्याचा पुरावा द्या. तिला सरळ उत्तर द्यावे. दुसरी, आकडा सांगणारी: तत्सम माल 2.80 ने आला आहे, खुलासा करा. तिसरी, आकडाही न सांगता "मूल्य कमी वाटते, सुधारित मूल्य मान्य आहे का" असे विचारणारी. लोक या तिसऱ्या क्वेरीत अडकतात, कारण तिचे सोपे उत्तर "मान्य आहे" हेच असते. उत्तर सीएचए त्याच्या लॉगिनवरून पाठवतो. म्हणून त्याला आधीच लेखी सांगून ठेवा की मूल्य, वर्गीकरण आणि सूट यांबाबतचे कोणतेही उत्तर मसुदा दाखवल्याशिवाय जाणार नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला उत्तर देताना तीन गोष्टी त्याच उत्तरात याव्यात. एक, घोषित किंमत हेच व्यवहार मूल्य आहे, विक्रेत्याशी नाते नाही, आणि हे त्याचे पुरावे. दोन, नियम 12(2) प्रमाणे शंकेची कारणे लेखी द्यावीत आणि ज्या आयातींशी तुलना केली त्यांचा तपशील द्यावा: आयातदाराचे नाव झाकून चालेल, पण तारीख, देश, वर्णन, प्रमाण, एकक आणि किंमत हवी. तीन, मूल्यवाढ केली तर ती आम्हाला मान्य नसेल आणि कलम 17(5) प्रमाणे सकारण आदेश हवा. हे तिसरे वाक्य विसरू नका. आयातदाराने लेखी संमती दिली नसेल तेव्हाच पुनर्मूल्यांकनापासून 15 दिवसांत सकारण आदेश देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. संमती दिल्यावर ते बंधन संपते, आणि संमती देऊन नंतर अपिलात गेलेल्या आयातदारांना सीमाशुल्क अपील न्यायाधिकरणाने अनेकदा परत पाठवले आहे: तुम्हीच मान्य केले, आता तक्रार कसली?

भाषा सभ्य ठेवा. समोरच्या अधिकाऱ्यालाही वरून येणाऱ्या सूचना आणि डेटाबेसचे इशारे पाहावे लागतात, आणि नीट मांडलेल्या उत्तरावर घोषित किंमत मान्य झाल्याची उदाहरणे रोज घडतात.

तुलना तपासायची कशी

तुलनेचा तपशील हातात आला, की खरे काम सुरू होते. नियम 4 आणि 5 तुलनेला अटी घालतात: माल त्याच देशात बनलेला हवा, त्याच सुमारास आलेला हवा, व्यापाराची पातळी तीच हवी, प्रमाण जवळपास तेवढेच हवे, आणि गुणवत्ता व नाव यांतही बरोबरी हवी.

आपल्या उदाहरणात समजा विभागाने तीन आयाती दाखवल्या. पहिली 800 किलोची, 2.80 डॉलर. दुसरी 9,000 किलोची, 2.25 डॉलर. तिसरी 12,000 किलोची, 2.90 डॉलर, पण वर्णनात "रनरसह तयार झिपर". पहिली प्रमाणात बसत नाही. 800 किलो घेणाऱ्याला 10,000 किलोचा भाव मिळत नाही. तिसरा माल हुबेहूब सोडाच, तत्समही नाही, कारण रनरशिवाय चेन आणि तयार झिपर व्यापारात एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उरते दुसरी. आणि नियम सांगतो की तुलनेला एकाहून अधिक मूल्ये सापडली तर सर्वांत कमी घ्यायचे. म्हणजे व्यवहार मूल्य नाकारले तरीही विभागाचा आकडा फार तर 2.25 होतो, 2.80 नाही.

2.25 वर मूळ शुल्क आणि अधिभाराचा फरक किती? मूल्य 19,12,500, त्यावर 11 टक्के 2,10,375, म्हणजे मूळ हिशोबापेक्षा 23,375 रुपये जास्त. 74,800 चा वाद आता 23,375 वर आला आणि तोही लढता येण्याजोगा आहे, कारण किलोमागे पाव डॉलरचा फरक भावतोलातही पडू शकतो.

आणखी एक गोष्ट विचारा: दाखवलेल्या आयातींपैकी कोणती तात्पुरत्या मूल्यांकनाखाली आहे का? तात्पुरते ठरवलेले मूल्य तुलनेला वापरता येत नाही. आणि नुसत्या एनआयडीबीच्या आकड्यावर, मालाच्या तपशिलाशिवाय, घोषित किंमत नाकारता येत नाही हे न्यायाधिकरणाने पुनःपुन्हा म्हटले आहे.

माल कसा सोडवायचा

वाद चालू ठेवायचा आणि मालही सोडवायचा, हे दोन्ही एकत्र करता येते. छोट्या व्यापाऱ्याला बहुधा असे सांगितले जाते की एकच काहीतरी निवडा. तसे नाही.

पहिला मार्ग, निषेध नोंदवून शुल्क भरणे. विभागाने 2.80 लावले, तर 7,37,324 भरायचे, पण त्याच दिवशी लेखी कळवायचे की हे शुल्क निषेध नोंदवून भरत आहोत, मूल्यवाढ मान्य नाही, सकारण आदेश द्यावा. या पत्राची पोच जपून ठेवा. निषेधाने भरलेल्या शुल्काच्या परताव्याला एक वर्षाची मुदत लागू होत नाही. पण निषेध नोंदवणे म्हणजे अपील नव्हे. आयटीसी लिमिटेडच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूल्यांकन बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. बरेच जण निषेधाचे पत्र देऊन निश्चिंत होतात, दोन वर्षांनी परताव्याचा अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो.

दुसरा मार्ग, कलम 18 खाली तात्पुरते मूल्यांकन. घोषित किंमतीवर शुल्क भरायचे, फरकासाठी बंधपत्र आणि मागितल्यास बँक हमी द्यायची, माल घेऊन जायचा. फायदा दुहेरी आहे: रोकड कमी अडकते, आणि तात्पुरते मूल्य पुढच्या तुलनेत वापरता येत नसल्याने वाढीव किंमतीचा शिक्का बसत नाही. तोटा हा की प्रकरण लांबते. 2025 च्या दुरुस्तीने अंतिम मूल्यांकनाला दोन वर्षांची मर्यादा घातली, ती आयुक्त एक वर्षाने वाढवू शकतात. तोवर बँक हमीचे कमिशन चालू राहते. चार-पाच लाखांच्या शुल्काला मी पहिलाच मार्ग निवडेन. प्रत्येक खेपेत तोच वाद होत असेल, तर दुसरा.

निर्णय लांबलाच तर कलम 49 खाली अर्ज करून माल सार्वजनिक गोदामात 30 दिवस ठेवता येतो, मुदत एका वेळी आणखी 30 दिवसांपर्यंत वाढू शकते. माल काढून रिकामा कंटेनर शिपिंग लाइनला परत दिला की डिटेन्शनचे मीटर थांबते. गोदामाचे भाडे द्यावे लागते, पण ते डिटेन्शनपेक्षा बहुधा बरेच कमी असते. डिटेन्शन माफीचे प्रमाणपत्र मिळेल या भरवशावर राहू नका. कस्टम्सने माल जप्त केला किंवा अडवून ठेवला असेल तर 2009 च्या नियमावलीनुसार सीएफएसने भाडे लावायचे नसते. पण क्वेरी प्रलंबित असणे म्हणजे माल अडवून ठेवणे असे धरले जात नाही, आणि शिपिंग लाइन तर असे प्रमाणपत्र सहसा मानत नाही.

परवाना आडवा आला तर

काही मालांत किंमत हाच परवाना असतो. परकीय व्यापार महासंचालनालयाने जून 2023 मध्ये 20 रुपयांपेक्षा कमी सीआयएफ, म्हणजे भाडे-विम्यासह, किंमतीच्या सिगारेट लायटरची आयात प्रतिबंधित केली. 20 रुपये किंवा त्यापुढे आयात मुक्त. अशा मालात हिशोब उलटा होतो. घोषित किंमत 20.50 असेल आणि अधिकाऱ्याने ती खरी नाही असे म्हटले, तर प्रश्न शुल्काचा न राहता माल जप्त होण्याचा होतो. तिथे बँकेतून गेलेल्या पैशाचा पुरावा आणि पुरवठादाराकडून काही रक्कम परत आली नाही याचा पुरावा हीच खरी ढाल.

बंधन तुमचा माल समुद्रात असताना लागू झाले, तर बिल ऑफ लेडिंगची तारीख पाहा. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 नुसार, बंधनाच्या तारखेआधी जहाजावर चढलेल्या मालाला, किंवा त्याआधी उघडलेल्या आणि बंधनापासून 15 दिवसांत महासंचालनालयाच्या कार्यालयात नोंदवलेल्या अपरिवर्तनीय पतपत्राखालच्या मालाला, अधिसूचनेत वेगळे काही म्हटलेले नसेल तर जुने धोरण लागू राहते. ते 15 दिवस चुकवू नका. आणि माल "निर्बंधित", म्हणजे परवान्याने आणता येणारा, आहे की "प्रतिबंधित", म्हणजे आणताच न येणारा, हे अधिसूचनेत नीट वाचा. जुन्या फोटोकॉपी यंत्रांच्या प्रकरणात, अतुल ऑटोमेशन्स, 2019, सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद धरून दंड भरून माल सोडण्यास मान्यता दिली. 2021 मध्ये कडधान्यांच्या राज ग्रो इम्पेक्स प्रकरणात मात्र ठरवून दिलेल्या प्रमाणाबाहेरचा माल प्रतिबंधित धरून पूर्ण जप्त झाला.

अपील आणि परतावा

आता घड्याळाकडे पाहा. आदेश मिळाल्यापासून आयुक्त (अपील) यांच्याकडे जायला 60 दिवस. सबळ कारण असेल तर आणखी 30. त्यानंतर एक दिवसही नाही. 91 व्या दिवशीचे अपील आयुक्तांना ऐकताच येत नाही. सकारण आदेश 15 दिवसांत आला नाही तर वाट पाहत बसू नका. एक स्मरणपत्र द्या, आणि मूल्यांकन झालेल्या बिल ऑफ एन्ट्रीविरुद्धच 60 दिवसांत अपील दाखल करा. मूल्यांकन झालेली बिल ऑफ एन्ट्री हा स्वतःच अपील करण्याजोगा आदेश आहे. सकारण आदेश नंतर आला तर त्याविरुद्धही अपील जोडा.

अपिलासाठी वादातल्या शुल्काच्या 7.5 टक्के आधी भरावे लागतात. निषेधाने पूर्ण शुल्क भरले असेल तर वेगळे काही भरायचे नाही. भरल्याचे चलन जोडून तसे नमूद करा. अर्ज सीए-1 या नमुन्यात. अपिलातले मुद्दे चारच असू द्या: नियम 12 ची प्रक्रिया पाळली नाही, कारणे मागूनही दिली नाहीत, तुलना नियम 4-5 च्या अटींत बसत नाही, आणि बसली तरी सर्वांत कमी मूल्य घेतले नाही. वरचा तीन आयातींचा तक्ता हा अपिलाचा कणा आहे. पाने वाढवली की तो दिसेनासा होतो.

इथे एक स्पष्ट सांगतो. किंमत खरोखर कमी दाखवली असेल आणि उरलेले पैसे हवालाने गेले असतील, तर यातला एकही मार्ग तुमचा नाही. खोटे इन्व्हॉइस वापरल्याबद्दल कलम 114 एए खाली मालाच्या मूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. पुरवठादाराच्या फोनमधले चॅट आणि बँकेतला आकडा जुळत नसतील, तर अपील दाखल करणे म्हणजे तपास ओढवून घेणे.

अपील जिंकल्यावर, निषेध नोंदवलेला असला तरी जोखीम न घेता, एक वर्षाच्या आत कलम 27 खाली परताव्याचा अर्ज करायचा. आयजीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर ती रक्कम परत मागू नका. आपल्या उदाहरणात दावा 74,800 चाच. आणि इथे बरेच जिंकलेले व्यापारी हरतात, कारण वाढीव शुल्काचा बोजा ग्राहकावर टाकला नाही हे त्यांनाच सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास पैसा ग्राहक कल्याण निधीत जातो. ज्या दिवशी निषेधाने शुल्क भरले, त्याच दिवशी वादातली रक्कम खर्चात न टाकता "कस्टम्सकडून येणे" म्हणून ताळेबंदात दाखवायला हिशोबनीसाला सांगा. खेपेच्या आधीच्या आणि नंतरच्या विक्रीची बिले ठेवा, म्हणजे भाव वाढवला नाही हे दिसेल. सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागतेच, पण पुस्तकांत ती रक्कम खर्ची पडलेली असेल तर प्रमाणपत्राला वजन राहत नाही. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांत परतावा मिळाला नाही तर त्यापुढे व्याज मिळते.

अपील चालू असताना तोच माल पुन्हा येईल. त्या बिल ऑफ एन्ट्रीबरोबर पहिल्या दिवसापासून निषेधाचे पत्र, अपिलाची पोच आणि तुलनेचा तक्ता ई-संचितवर चढवा, आणि लगेच तात्पुरते मूल्यांकन मागा. नव्या अधिकाऱ्याला डेटाबेसमध्ये 2.80 दिसेलच, पण त्याच्या शेजारी तो आकडा वादात असल्याचा कागदही दिसला पाहिजे.